पीक पिवळे पडत आहे, काय फवारू? : अपुऱ्या माहितीवर मागितलेल्या पीकसल्ल्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत फोनवर येणाऱ्या प्रश्नांपैकी सर्वांत अधिक वेळा येणारा प्रश्न साधारणपणे असा असतो : ‘साहेब, पीक पिवळं पडतंय, काय मारू?’ या वाक्यात पिकाचे नाव नसते, जमीन कशी आहे ते नसते, पेरणी कधी झाली ते नसते, आणि पिवळे म्हणजे नेमके काय दिसते आहे, हेही नसते. त्यावर आम्ही उलट प्रश्न विचारू लागलो की अनेकांना वाटते, याला उत्तर द्यायचे नाही किंवा येत नाही. हे उलट प्रश्न कशासाठी असतात, ते येथे सविस्तर लिहिले आहे. उदाहरणे मुख्यतः मराठवाडा आणि विदर्भातील सोयाबीनची घेतली आहेत, कारण या एका पिकात पिवळेपणाची बहुतेक सगळी कारणे पाहायला मिळतात.

‘पाने पिवळी पडत आहेत’ एवढे सांगितल्यावर लगेच औषध का सांगितले जात नाही?

कारण पिवळेपणा हा रोग नाही. माणसाला ताप येतो तसे ते लक्षण आहे, आणि एकाच गावातील शेजारच्या दोन सोयाबीनच्या शेतांत ते दोन निराळ्या कारणांनी आलेले असू शकते. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे झाले की शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी होतात. मुळांवर गाठी धरल्या नाहीत आणि नत्र कमी पडले, तर उलट बुडाची जुनी पाने आधी पिवळी होतात. पाणी साचून मुळे गुदमरली तर सगळे झाड फिकट पडते. खोडमाशीची अळी खोड पोखरू लागली की झाड मलूल होऊन पिवळे दिसू लागते. पांढऱ्या माशीने पिवळा मोझॅक हा विषाणू आणला असेल, तर पानांवर पिवळ्या आणि हिरव्या रंगाची वेडीवाकडी सरमिसळ दिसते. तणनाशकाचा झटका बसला असेल, तर संपूर्ण शेत दोन-तीन दिवसांत एकसारखे फिके होते. आणि पीक काढणीला आले असेल, तरीही पाने पिवळीच होतात.

या सात कारणांवरचे उपाय एकमेकांच्या जागी चालत नाहीत. लोहाच्या कमतरतेवर कीटकनाशक फवारले तर पैसे वाया जातात. मोझॅकवर लोह फवारले तर पैसे जातातच, शिवाय रोगट झाड शेतात उभे राहते आणि पांढरी माशी तेथून विषाणू शेजारच्या झाडांवर नेत राहते. पाणी साचलेल्या शेतात युरिया फेकला, तर गुदमरलेल्या मुळांना तो घेता येत नाही. म्हणून औषधाचे नाव सांगणे दहा सेकंदांचे काम असले, तरी ते कशासाठी सांगायचे हे ठरवायला पाच-सात प्रश्न विचारावेच लागतात.

आमच्या भागात सगळीकडे एकच पीक असते. मग पिकाचे नाव वेगळे सांगण्याची काय गरज?

या प्रश्नाचे उत्तर मी माझ्याच चुकीतून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी ऑगस्टच्या अखेरीस एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्या पट्ट्यात नजर जाईल तिथवर सोयाबीन, बोलताना त्यांनी ‘प्लॉट पिवळा पडतोय’ एवढेच सांगितले आणि मी पिकाचे नाव न विचारताच लोहाची फवारणी सांगून मोकळा झालो. बारा दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला, तेव्हा कळले की प्लॉट आल्याचा होता. आल्यामध्ये बुडाची पाने टोकाकडून आणि कडांनी पिवळी होत येऊ लागली, की पहिला संशय कंदकुजीचा घ्यायचा असतो. अशा झाडाचे खोड हलकेच ओढले तर ते बुडाशी सहज निखळते आणि कुजक्या गड्ड्याला घाण वास येतो. रोगट गड्डे आजूबाजूच्या मातीसह काढून टाकणे, चर खोल करून पाणी काढणे आणि भोवतीच्या निरोगी झाडांना बुरशीनाशकाची आळवणी करणे, ही कामे पहिल्याच दिवशी करायची होती. त्या बारा दिवसांत कूज एका कोपऱ्यातून तीन वाफ्यांत पसरली. शेतकरी मला काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून पिकाचे नाव विचारल्याशिवाय मी पुढचे वाक्य बोलत नाही.

पिकाबरोबर वाणाचे नावही सांगितले तर उपयोग होतो, पण ते आठवत नसेल तर त्यासाठी अडून राहू नये.

जमीन ‘काळी’ आहे असे सांगितले, तर ते पुरेसे नाही का?

रंगावरून जमिनीची खोली आणि ओल धरून ठेवण्याची ताकद यांचा थोडा अंदाज येतो, पण पिवळेपणाच्या प्रश्नात रंगापेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या असतात : जमिनीत चुनखडी किती आहे आणि पावसाचे पाणी किती वेळात जिरते किंवा निघून जाते.

चुनखडीच्या जमिनीत लोह नसते असे नाही. उलट भरपूर असते. पण तेथील सामू आठच्या आसपास किंवा त्याहून वर असल्याने ते न विरघळणाऱ्या स्वरूपात अडकून राहते आणि मुळांना उचलता येत नाही. त्यात सततचा पाऊस झाला की मातीतली हवा कोंडते, बायकार्बोनेट वाढते आणि लोह आणखी दुरापास्त होते. म्हणूनच एरवी हिरवेगार असणारे सोयाबीन झडीच्या आठवड्यात अचानक शेंड्यातून पिवळे पडते आणि उघडीप मिळाल्यावर पुष्कळदा आपोआप सावरतेही. याच्या उलट कोकणातील जांभ्या जमिनी आम्लधर्मी असतात. तेथे कोणी पिवळेपणाचा प्रश्न विचारला, तर लोहाची कमतरता हा विचार शेवटी येतो. ‘जमीन काळी’ आणि ‘जमीन तांबडी’ या उत्तरांमागे हा सगळा फरक दडलेला असतो.

चुनखडी ओळखायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. नांगरटीच्या वेळी पांढरे, खडूसारखे खडे वर येतात का, किंवा विहीर अथवा शेततळे खणताना किती फुटांवर पांढरा थर लागला, हे घरातील वडीलधाऱ्यांना हमखास ठाऊक असते. कोरड्या मातीच्या ढेकळावर लिंबाचा रस पिळल्यास चुनखडी भरपूर असेल तर बारीक बुडबुडे येतात; बुडबुडे दिसले नाहीत, तर मात्र चुनखडी नाही असा अर्थ लगेच काढू नये, कारण हे आम्ल सौम्य असते. मातीपरीक्षणाचा अहवाल हाताशी असल्यास त्यातील सामू, क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे वाचून दाखवावेत. बाकीचा अहवाल त्या वेळी नसला तरी चालतो.

जमिनीचा प्रकार खरोखरच माहीत नसेल तर?

तर ‘माहीत नाही’ असे स्पष्ट सांगावे. अंदाजाने ‘मध्यम’ म्हणू नये. मोठा पाऊस झाल्यावर किती दिवसांनी वापसा येतो, एवढे सांगितले तरी पुष्कळ समजते. दुसऱ्या दिवशी कोळपे चालते ती हलकी, चार-पाच दिवस पाय रुततो ती भारी, हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला करता येतो.

‘खरीप’ किंवा ‘रब्बी’ असे सांगितले तरी पेरणीची तारीख का विचारली जाते?

हंगामाचे नाव चार महिन्यांचा काळ सांगते आणि पिवळेपणाचे कारण पिकाच्या वयाबरोबर बदलत जाते. सोयाबीन वीस-तीस दिवसांचे असताना शेंडा पिवळा पडला तर आधी लोह, पाणी आणि तणनाशक यांचा विचार करावा लागतो. चाळीस-पन्नास दिवसांच्या पिकात मोझॅक आणि खोडातील किडी पुढे येतात. नव्वद दिवस उलटून गेल्यावर मात्र पाने पिवळी होऊन गळणे हे पक्वतेचेच लक्षण असते, कारण जे.एस. ३३५ सारखे परिचित वाण साधारण ९५ ते १०० दिवसांत काढणीला येते. सप्टेंबरच्या अखेरीस ‘पीक झपाट्याने पिवळं पडतंय, दोन फवारण्या झाल्या तरी थांबेना’ असे सांगणारे फोन दरवर्षी येतात. तारीख विचारल्यावर लक्षात येते, की पीक आजारी नसून पिकत आहे आणि त्या दोन्ही फवारण्यांचे पैसे वाचले असते.

काही पिकांत तर हंगामाचे साधे नाव अजिबात पुरत नाही. ऊस आडसाली आहे, पूर्वहंगामी आहे, सुरू आहे की खोडवा, यावर सगळा सल्ला अवलंबून असतो. चुनखडीच्या जमिनीत खोडवा फुटताना पिवळसर-पांढरा पडणे ही नेहमीची तक्रार आहे. डाळिंबात मृग, हस्त की आंबे बहार, द्राक्षात एप्रिलची छाटणी की ऑक्टोबरची आणि छाटणीनंतर कितवा दिवस, कांद्यात खरीप, रांगडा की उन्हाळ, हे सांगितल्याशिवाय पुढे बोलणे कठीण जाते. म्हणून शक्यतो तारीखच सांगावी. ‘मृगाच्या शेवटी पेरलं’ असे सांगितले तरी चालते, त्यावरून तारीख काढता येते.

लक्षण नेमके कसे पाहावे आणि कोणत्या शब्दांत सांगावे?

बांधावर उभे राहून शेताचा जो रंग दिसतो, ते लक्षण नव्हे. लक्षण पाहण्यासाठी शेतात उतरून एका झाडापाशी बसावे लागते. पहिली गोष्ट पाहायची ती म्हणजे झाडावरची कोणती पाने आधी पिवळी झाली. नत्र आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या आत फिरू शकतात. ती कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांकडे पाठवते आणि त्यामुळे बुडाची पाने आधी पिवळी होतात. लोह असे हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या पानांवर दिसते आणि जुनी पाने हिरवी राहतात. ‘वरची की खालची’ हा साधा प्रश्न निम्मे काम करून टाकतो, तरी विचारल्याशिवाय तो कोणी सांगत नाही.

त्यानंतर ते पान उजेडाकडे धरून शिरा पाहाव्यात. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, शिवाय हे वरच्या पानांवर असेल, तर लोहाकडे बोट जाते. हेच खालच्या पानांवर असेल तर मॅग्नेशियमचा विचार करावा लागतो. संपूर्ण पान शिरांसकट एकसारखे फिके असेल, तर नत्र किंवा गंधक. पिवळे डाग शिरांना न जुमानता कसेही पसरलेले असतील, एखाद्या पानाचा अर्धा भाग गर्द पिवळा आणि उरलेला हिरवा असेल, तर मोझॅकचा दाट संशय घ्यावा. २०२३ च्या खरिपात विदर्भातील अनेक शेतांत हा रोग पसरला, तेव्हा सुरुवातीला बऱ्याच जणांनी तो लोहाची कमतरता समजून सूक्ष्म अन्नद्रव्ये फवारली होती.

मग शेतातील जागा पाहावी. पिवळेपणा खोलगट भागात, नाल्याच्या कडेला किंवा जुन्या बांधाच्या पट्ट्यात असेल, तर कारण बहुधा जमिनीत आहे. सुरुवातीला येथे एक झाड, तेथे एक झाड असे विखुरलेले असेल, तर विषाणू किंवा कीड. सरळ पट्टे असतील आणि ते फवारणीच्या चालीशी जुळत असतील, तर कारण फवारणीतच शोधावे.

शेवटी तीन-चार झाडे मुळासकट उपटावीत. ती ओढून न काढता खुरप्याने माती सैल करून काढावीत, नाहीतर गाठी मातीतच राहतात. गाठ नखाने फोडल्यावर आतून गुलाबी-लालसर निघाली तर ती नत्र बांधत आहे. करडी, हिरवट किंवा पोकळ निघाली तर ती काम करीत नाही. त्यानंतर ब्लेडने खोड उभे चिरावे. आत नागमोडी, तांबूस रंगाची नळी दिसली तर खोडमाशी. खोडावर किंवा पानाच्या देठावर थोड्या अंतरावर दोन गोल कडी कोरल्यासारखी दिसली आणि त्यावरचा भाग सुकला असेल, तर चक्रीभुंगा. हे सगळे करायला पंधरा मिनिटे लागतात.

फोटो पाठवला की बाकी काही सांगावे लागत नाही ना?

लागते. फोटोत जमीन, तारीख आणि आधीच्या फवारण्या दिसत नाहीत. शिवाय सायंकाळच्या उन्हात काढलेल्या फोटोत चांगले पीकही पिवळे दिसते आणि मोबाइल स्वतःच रंग भडक करून ठेवतो. तरीही फोटो फार उपयोगी असतात. फक्त एकाच पानाचे सहा फोटो पाठवण्याऐवजी संपूर्ण शेताचा एक, एका पूर्ण झाडाचा एक, पिवळ्या पानाशेजारी त्याच शेतातील निरोगी पान ठेवून एक आणि उपटलेल्या मुळांचा एक, असे चार पाठवावेत. सावलीत, सकाळी काढलेले फोटो सर्वांत चांगले. निरोगी पानाचा फोटो का हवा, असे काही जण विचारतात : रंगाचा फरक त्याच्याशी ताडूनच कळतो.

प्रश्न विचारत विचारत निदानापर्यंत कसे पोहोचता, याचे एखादे प्रत्यक्ष उदाहरण देता येईल का?

लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा १८ जुलैला फोन आला. पहिले वाक्य नेहमीचेच होते. पीक विचारले, तर सोयाबीन, पाच एकर. पेरणी २२ जूनची, म्हणजे पीक २६ दिवसांचे. पिवळेपणा सगळीकडे आहे का, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘नाही साहेब, खालच्या अंगाला, नाल्याकडं, एकरभर आसंल.’ येथेच शेजाऱ्याने सुचवलेली मोझॅकची शंका मागे पडली, कारण विषाणू नाल्याची हद्द पाळत नाही.

‘वरची पानं पिवळी की खालची?’

‘वरची. खालची हिरवीगारच हायेत.’

‘एक पान तोडून उजेडाकडं धरा. शिरा कशा दिसतात?’

थोडा वेळ गेला. ‘शिरा हिरव्या हायेत, मधलं समदं पिवळं.’

पावसाबद्दल विचारले तेव्हा कळले, की आठ दिवस उघडीप नव्हती आणि खालच्या बांधाला पाणी तुंबले होते. नाल्याजवळच्या विहिरीला सहा-सात फुटांवर चुनखडी लागल्याचे त्यांना वडिलांनी सांगितलेले होते. तणनाशक फवारलेले नव्हते, दोन वेळा खुरपणी केली होती. त्यांनी चार झाडे काढून खोड चिरून पाहिले. आत पांढरे, स्वच्छ होते. वरच्या बाजूच्या झाडांना गुलाबी गाठी भरपूर, खालच्या झाडांना थोड्या, पण त्याही आतून गुलाबीच होत्या. आता लोहाची कमतरता, तीही साचलेल्या पाण्यामुळे वाढलेली, असे म्हणायला पुरेसा आधार मिळाला.

त्यांनी तोपर्यंत युरियाच्या दोन गोण्या आणि एका कीटकनाशकाची बाटली आणून ठेवली होती. दोन्ही बाजूला ठेवायला सांगितले. बांध फोडून पाण्याला वाट करून देणे हे पहिले काम होते, कारण पाणी साचलेलेच राहिले तर फवारणीने आलेला हिरवेपणा टिकत नाही. वापसा येताच कोळपणी, म्हणजे मुळांना हवा मिळेल. आणि फक्त त्या एका एकरावर ०.५ टक्के हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि त्यात ०.२५ टक्के चुन्याची निवळी अशी फवारणी. पंधरा लिटरच्या एका पंपाला हे प्रमाण हिराकस ७५ ग्रॅम आणि चुना सुमारे ३७ ग्रॅम असे येते. त्यांना एकराला दहा पंप लागले, म्हणजे पाऊण किलो हिराकस. चुना रात्री वेगळा भिजवून वरची निवळी गाळून घ्यायची असते. तिच्यामुळे हिराकसाची आम्लता कमी होते आणि कोवळी पाने भाजत नाहीत. हिराकस फिकट हिरवा आणि खडेदार हवा. तांबूस-पिवळी पूड झालेला असेल तर त्यातील लोहाचे रूप बदललेले असते आणि पानाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. ज्यांना हा खटाटोप नको असेल, त्यांच्यासाठी चिलेटेड लोह किंवा सूक्ष्म अन्नद्रव्य ग्रेड २ हे पर्याय असतात; ग्रेड २ चे प्रमाण दहा लिटर पाण्याला ५० मिली असे आहे.

हिराकस जमिनीतूनच दिला तर चालेल का, असेही त्यांनी विचारले. चुनखडीच्या जमिनीत नुसता टाकलेला हिराकस थोड्याच दिवसांत त्या चुन्यातच अडकतो. उभ्या पिकाला तातडीने लोह द्यायचे तर ते पानांतूनच द्यावे लागते.

चार ओळी मुद्दाम न फवारता सोडायला सांगितल्या होत्या. नवव्या दिवशी आलेल्या फोटोत फवारलेल्या भागातील नवे पान हिरवे होते आणि सोडलेल्या ओळींचेही थोडे सुधारलेले होते, पण फिकटच होते. त्यावरून दोन गोष्टी समजल्या : निदान बरोबर होते, आणि सुधारणेचा काही वाटा पाणी काढल्याचा होता. दुसरी फवारणी त्यांनी केली नाही, तशी गरजही उरली नव्हती.

आधी काय फवारले, हे सांगणे आवश्यक आहे का? दुकानदाराने दिलेले औषध सांगायला संकोच वाटतो.

संकोच करू नये, कारण ही माहिती दडवली तर बाकीच्या सगळ्या माहितीवरून चुकीचे निदान होऊ शकते. सोयाबीनमध्ये उगवणीनंतर इमाझेथापायर हे तणनाशक फवारले, की काही वेळा पीक आठ-दहा दिवस फिके पडते आणि वाढ थांबल्यासारखी दिसते. पट्टे जेथे एकमेकांवर आले तेथे पिवळेपणा गडद असतो आणि चुकून राहिलेली ओळ हिरवी असते. हे पीक पुष्कळदा स्वतःच सावरते. पण कोणी ते लोहाची कमतरता समजून फवारणी केली आणि पुढे पीक हिरवे झाले, तर श्रेय फवारणीला जाते आणि पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा होतो.

दुकानदाराने तीन-चार बाटल्या एकत्र करून दिल्या असतील, तर प्रत्येकीचे नाव आणि त्यातील घटक वाचून दाखवावा. घटकाचे नाव बाटलीवर बारीक अक्षरांत असते, मोठ्या अक्षरांत असते ते व्यापारी नाव. लेबलवर न सांगितलेली मिश्रणे पिकाइतकीच फवारणाऱ्यालाही धोकादायक असतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. तो हंगाम आठवला की मिश्रणाचा प्रश्न मी कधीच घाईत सोडत नाही.

‘एका पंपाला किती टाकू?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर का मिळत नाही?

कारण पंप हे माप नाही. पाठीवरचा हातपंप १५ किंवा १६ लिटरचा असतो, काहींचा २० लिटरचा असतो. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपातून तेच क्षेत्र फार कमी पाण्यात होते, त्यामुळे त्याच्यासाठी प्रमाण वेगळे धरावे लागते. पंपाची टाकी किती लिटरची आहे आणि एकराला किती टाक्या लागतात, हे दोन आकडे सांगितले की उत्तर एका वाक्यात देता येते.

एवढी माहिती गोळा करायला वेळ नाही, पीक हातचे जाईल. तोवर काय करावे?

सोयाबीनच्या पिवळेपणात एका संध्याकाळने पीक हातचे जात नाही. तेवढ्या वेळात साचलेले पाणी काढून देता येते आणि ते कोणत्याही कारणात उपयोगीच पडते. युरिया थांबवता येतो. पानांवर मोझॅकसारखी स्पष्ट पिवळी-हिरवी सरमिसळ असलेली तुरळक झाडे दिसली, तर ती त्याच दिवशी उपटून पुरून टाकावीत आणि पिवळे चिकट सापळे लावावेत, कारण या विषाणूवर औषध नाही आणि फवारणी करायची झाली तरी ती पांढऱ्या माशीसाठी असते. खरी घाई आले-हळदीतील कंदकुजीसारख्या रोगांत असते; म्हणूनच पिकाचे नाव सर्वांत आधी विचारले जाते.

फोनवर विचारायचे असल्यास कोठे विचारावे, आणि फोनने काम भागत नाही हे केव्हा ओळखावे?

किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक २००४ पासून सुरू आहे. सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मराठीतून बोलता येते. गावचे कृषी सहाय्यक आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र हे अधिक जवळचे पर्याय आहेत, कारण त्यांनी तुमच्या भागातील जमिनी पाहिलेल्या असतात. दोन भिन्न ठिकाणी विचारले आणि दोन भिन्न औषधे मिळाली, किंवा एक फवारणी होऊन दहा दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर तिसरा फोन करण्याऐवजी झाडे घेऊन केंद्रावर जावे. जाताना पिवळी तीन आणि निरोगी दोन झाडे मुळांभोवतीच्या मातीच्या ढेकळासह, ओल्या पोत्यात गुंडाळून न्यावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून नेलेली झाडे उन्हात उकडतात आणि पोहोचेपर्यंत त्यांवरचे मूळ लक्षण पुसले जाते.

मग प्रश्न लिहून पाठवायचा असल्यास तो कसा लिहावा?

भाषा शुद्ध असण्याची किंवा शास्त्रीय नावे येण्याची गरज नाही. मागील हंगामात परभणी जिल्ह्यातून आलेला एक संदेश मी जपून ठेवला आहे, तो जवळजवळ जसाच्या तसा असा : ‘सोयाबीन, पेरणी २६ जून, आज ४४ दिवस. जमीन भारी काळी, पाणी चार दिवस हाटत नाही, चुनखडी नाही. पिवळी झाडं सगळीकडं तुरळक, शंभरात पाच-सहा. पानावर पिवळं-हिरवं मिसळ, वर-खाली दोन्हीकडं. पान हलवलं की बारीक पांढरे किडे उडतात. तणनाशक २० दिवसाला मारलं, त्यानंतर काही नाही. पंप १६ लिटरचा.’ त्याला उत्तर द्यायला मला एकही उलट प्रश्न विचारावा लागला नाही, आणि दुपारपर्यंत त्यांनी रोगट झाडे उपटून बांधाबाहेर खड्ड्यात पुरलीही होती.